विक्रीवरचं भाडं ताळेबंदात का दिसत नाही?

गावाकडे दुसऱ्याची जमीन कसायला घेण्याचे दोन रिवाज जुने आहेत. खंडाने घेतली, तर पीक येवो न येवो, ठरलेली रक्कम मालकाच्या हातावर ठेवावीच लागते. अर्धेलीने घेतली, तर जे पिकेल त्यातलं निम्मं मालकाचं. काहीच पिकलं नाही, तर मालकालाही काही मिळत नाही. पाऊस दगा देतो त्या वर्षी खंडाने कसणाऱ्याच्या डोक्यावर देणं उभं राहतं. अर्धेलीवाल्याचे कष्ट वाया जातात, पण मालकाचं देणं मागे लागत नाही.

पुण्यामुंबईच्या मॉलमध्ये गाळा घेणाऱ्या कपड्यांच्या, चपलांच्या किंवा कॉफीच्या कंपन्या आज याच दोन तऱ्हेचे करार करतात. ठरलेल्या भाड्याला तिथे 'मिनिमम गॅरंटी' म्हणतात आणि बोलताना नुसतं 'एमजी'. विक्रीतल्या वाट्याला 'रेव्हेन्यू शेअर' म्हणतात. बहुतेक करारांत दोन्ही असतात: एमजी किंवा विक्रीचे अमुक टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. मॉलमालकाच्या दृष्टीने दोन्ही पैसे सारखेच. कंपनीच्या ताळेबंदात मात्र एक कर्जासारखा नोंदला जातो आणि दुसऱ्याचा तिथे मागमूसही नसतो. शेअर घेणाऱ्याने, कर्ज देणाऱ्याने किंवा नुसत्या जिज्ञासेने वार्षिक अहवाल उघडणाऱ्याने ही गोष्ट समजून घेतली नाही, तर दोन कंपन्यांची तुलना सपशेल चुकू शकते.

ताळेबंदात भाडं दिसू लागलं त्याला फार वर्षं झालेली नाहीत. पूर्वी बहुतेक भाडेकरार 'ऑपरेटिंग लीज' या सदरात जात. दरवर्षीचं भाडं खर्चात पडायचं आणि पुढच्या दहा वर्षांचं बांधलेलं देणं टिपांमधल्या एखाद्या तक्त्यात बसून राहायचं. आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष सर डेव्हिड ट्वीडी यांनी यावर केलेला विनोद हिशेबाच्या जगात प्रसिद्ध आहे: विमानकंपनीच्या ताळेबंदात खरोखर दिसणाऱ्या विमानातून मरण्यापूर्वी एकदा तरी उडावं, अशी त्यांची इच्छा होती. पुढे जानेवारी २०१६मध्ये या मंडळाने भाडेकरारांचं नवं मानक जाहीर केलं. भारतात त्याचं रूप 'इंड एएस ११६' या नावाने १ एप्रिल २०१९पासून लागू झालं. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि अडीचशे कोटींहून अधिक नक्त मूल्याच्या कंपन्यांना ते पाळावं लागतं. बँका त्यातून अजून बाहेर आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला याची चिंता करायचं कारण नाही.

नियमाचा गाभा सोपा आहे. करार जितक्या काळाचा, तितक्या काळात द्यायच्या भाड्याचं आजचं मूल्य काढायचं. ते एका बाजूला 'लीज लायबिलिटी' म्हणजे देणं म्हणून लिहायचं आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच रकमेची 'राइट ऑफ यूज' मालमत्ता, म्हणजे जागा वापरण्याचा हक्क, म्हणून लिहायचं. मालमत्तेवर दरवर्षी घसारा लावायचा, देण्यावर व्याज चढवायचं आणि भरलेल्या भाड्याने देणं कमी करत जायचं. भाड्याने घेतलेली जागा ही हप्त्यांवर विकत घेतलेल्या वस्तूसारखी दिसू लागते.

पण हे गणित करायला आधी आकडे लागतात. महिन्याला पाच लाख ठरलेत, तर आकडा तयार आहे. विक्रीचे बारा टक्के ठरलेत, तर पुढच्या पाच वर्षांची विक्री कुणाला माहीत? मग तो वाटा अंदाजाने धरायचा, की सोडून द्यायचा?

मानक बनवणाऱ्यांनाही हा प्रश्न सुटायला वेळ लागला. २०१०च्या मसुद्यात त्यांनी अंदाज धरायला सांगितलं होतं. विक्रीच्या वेगवेगळ्या शक्यता घ्यायच्या, प्रत्येकीला संभाव्यतेचं वजन द्यायचं आणि येणारी सरासरी देण्यात घालायची. कंपन्यांनी त्यावर हरकतींचा पाऊस पाडला. शेकडो दुकानं चालवणाऱ्या साखळीने प्रत्येक दुकानाच्या येत्या दहा वर्षांच्या विक्रीचं भाकीत करायचं आणि ते दर तिमाहीला बदलत राहायचं, हे कुणाला झेपणार होतं? आणि त्या भाकितावर लेखापरीक्षकाने सही कशाच्या आधारावर करायची? २०१३च्या सुधारित मसुद्यात ही कल्पना मागे घेतली गेली, आणि अंतिम मानकातही विक्रीवर किंवा वापरावर अवलंबून असलेलं भाडं देण्यातून वगळलं गेलं. ज्या काळात विक्री होईल त्याच काळात ते खर्चात टाकायचं.

वगळण्यामागे व्यवहाराची अडचण होतीच. पण त्याखाली एक विचारही आहे, आणि तो ध्यानात ठेवला तर बाकीचा नियम पाठ करावा लागत नाही. मंडळातल्या काहींचं म्हणणं असं होतं की विक्री होईपर्यंत त्या वाट्याचं देणं जन्मालाच येत नाही. कंपनी दुकान बंद ठेवू शकते. मग त्या वाट्यापैकी एक पैसाही मालकाला द्यावा लागत नाही. तसं करणं वेडेपणाचं असेल, पण कराराच्या दृष्टीने शक्य आहे. उलट विरुद्ध मताचे लोक म्हणत होते की देणं करार झाला तेव्हाच तयार झालं, फक्त त्याचा आकडा अजून ठरायचा आहे. मंडळाने या वादाचा तात्त्विक निकाल लावला नाही; मोजणं कठीण आणि खर्चिक आहे एवढ्यावर थांबलं. मला व्यक्तिशः पहिली बाजू पटते, आणि पुढचं उदाहरण पाहिल्यावर वाचकालाही बहुधा पटेल.

पुण्यातल्या एका मॉलमधला गाळा कल्पू. करार पाच वर्षांचा. एमजी वर्षाला ६० लाख रुपये, तीन वर्षांनी त्यात १५ टक्के वाढ, म्हणजे शेवटची दोन वर्षं ६९ लाख. अट अशी की एमजी किंवा निव्वळ विक्रीचे १२ टक्के, जे जास्त ते द्यायचं. (निव्वळ विक्री म्हणजे जीएसटी आणि परत आलेला माल वजा करून, मॉलची माणसं दुकानाच्या बिलिंग मशीनचे आकडे रोज पाहत असतात, त्यामुळे इथे फार गोलमाल चालत नाही.) गणित सोपं राहावं म्हणून भाडं वर्षाअखेर एकदाच देतात असं धरू आणि कंपनीच्या कर्जाचा दर १० टक्के घेऊ.

देण्यात काय येईल? फक्त एमजी. पहिली तीन वर्षं ६० लाख आणि नंतरची दोन ६९ लाख, एकूण ३ कोटी १८ लाख. या रकमेचं आजचं मूल्य निघतं सुमारे २ कोटी ३९ लाख. करार सुरू होतो त्या दिवशी ताळेबंदात एवढं देणं आणि एवढीच मालमत्ता बसते. तीन वर्षांनंतरची १५ टक्के वाढही यात आली आहे, कारण ती आजच ठरलेली आहे. ठरलेली वाढ म्हणजे ठरलेलं भाडंच.

आता पहिल्या वर्षी दुकानाची विक्री साडेसहा कोटी झाली. बारा टक्के म्हणजे ७८ लाख. एमजी ६० लाख, म्हणून वरचे १८ लाख हा विक्रीवरचा भाग. हे १८ लाख देण्याला हात न लावता थेट त्या वर्षीच्या खर्चात पडतात. दुसऱ्या वर्षी बाजार मंद झाला आणि विक्री ४ कोटी २० लाखांवर आली, तर १२ टक्के होतात ५० लाख ४० हजार. कंपनीला तरीही ६० लाख द्यावे लागतात. विक्री पाच कोटींच्या खाली गेली की टक्केवारीला काही अर्थ उरत नाही आणि एमजीचा फास आवळतो. देण्यात एमजी का धरतात, ते या दुसऱ्या वर्षात कळतं.

शेजारच्या गाळ्यात दुसऱ्या कंपनीने वेगळा सौदा केला. एमजी अजिबात नाही, विक्रीचे सरळ १४ टक्के. तिच्या ताळेबंदात या दुकानापोटी देणं किती? शून्य. साडेसहा कोटींच्या विक्रीवर ती मात्र ९१ लाख भाडं भरते, म्हणजे पहिलीपेक्षा १३ लाख जास्त. विक्री २ कोटींवर कोसळली, तर ती २८ लाख देऊन मोकळी होते आणि पहिली कंपनी ६० लाखांसाठी धावाधाव करते. एमजी नसण्याची किंमत ती चांगल्या वर्षात मोजते. वाईट वर्षाचा धोका तिने मॉलमालकाच्या अंगावर टाकला आहे, म्हणून तिच्या ताळेबंदातलं शून्य ही पळवाट नाही. तिच्यावर खरंच तसं कर्ज नाही.

करार वाचताना इथे एक बारकावा नजरेतून निसटतो. 'जे जास्त ते' ही तुलना महिन्याची की वर्षाची? समजा एमजी महिन्याला ५ लाख आहे आणि दुकानाने वर्षात ४ कोटी २० लाख विकले, त्यातले १ कोटी २० लाख एकट्या दिवाळीच्या महिन्यात. तुलना वर्षाची असेल तर वरचं भाडं काहीच नाही. तुलना महिन्याची असेल, तर त्या एका महिन्याचे बारा टक्के १४ लाख ४० हजार होतात आणि एमजीच्या वरचे ९ लाख ४० हजार द्यावे लागतात. बाकीचे अकरा महिने मंद गेले तरी ते परत मिळत नाहीत. लेखापालाला यातून आणखी एक काम लागतं. तुलना वर्षाची असेल आणि वर्षाची विक्री मर्यादा ओलांडणार हे दिसत असेल, तर तिमाही निकालात त्या खर्चाचा भाग आधीच धरावा लागतो. मर्यादा प्रत्यक्ष मार्चमध्ये ओलांडली म्हणून सगळा खर्च चौथ्या तिमाहीत ढकलता येत नाही.

इथवर नियम सरळ वाटतो: ठरलेलं आत, न ठरलेलं बाहेर. पण नेमकं असं नाही. काही भाडी महागाई निर्देशांकाशी बांधलेली असतात. निर्देशांक वाढेल तितक्या टक्क्यांनी दरवर्षी भाडं वाढतं. पुढची महागाई कुणालाच ठाऊक नाही, तरीही हे भाडं देण्याच्या आत येतं. कारण कंपनी काहीही करो, दुकान चालो वा बंद राहो, ते द्यावंच लागणार. फक्त आकडा बाहेरच्या जगावर अवलंबून आहे. कंपनीला ते टाळता येत नाही, आणि देणं ठरवताना हाच मुद्दा निर्णायक ठरतो. व्याजदराशी किंवा बाजारभाड्याशी जोडलेल्या भाड्यालाही हेच लागू.

मोजायचं कसं, याचं उत्तर जरा विचित्र आहे. महागाईचा अंदाज बांधायचा नाही. आज निर्देशांक जिथे आहे तिथेच तो पाच वर्षं राहील असं धरून चालायचं. ६० लाखांचं भाडं निर्देशांकाला बांधलं असेल, तर पाचही वर्षं ६० लाख धरून आजचं मूल्य काढायचं. ते येतं सुमारे २ कोटी २७ लाख. वर्षभरानंतर निर्देशांक १८०वरून १८९वर गेला, म्हणजे ५ टक्के वाढला. भाडं ६३ लाख झालं. त्या दिवशी उरलेल्या चार वर्षांचं देणं ६३ लाखांच्या हिशेबाने नव्याने मोजायचं, तेही मूळच्याच १० टक्के दराने. देणं सुमारे १ कोटी ९० लाखांवरून जवळजवळ २ कोटींवर जातं. वाढलेले साडेनऊ लाख त्या दिवशी खर्चात पडत नाहीत. ते मालमत्तेत मिसळतात आणि पुढच्या चार वर्षांत घसाऱ्यातून हळूहळू खर्च होतात.

आता याच भाड्यात निर्देशांकाऐवजी 'दरवर्षी ५ टक्के वाढ' असं लिहिलं असतं तर? पुढच्या सगळ्या वाढी पहिल्याच दिवशी देण्यात आल्या असत्या आणि आकडा २ कोटी ४९ लाखांच्या आसपास गेला असता. महागाई खरोखर पाचच टक्के राहिली, तर दोन्ही करारांत मालकाच्या हाती जाणारे पैसे अगदी सारखे. सुरुवातीच्या देण्यात मात्र साडेएकवीस लाखांचा फरक. निर्देशांकाला बांधलेली देणी ताळेबंदात कायम थोडी कमी दिसतात आणि दरवर्षी थोडी वर सरकतात. यात कुणी लपवाछपवी केलेली नसते; महागाईचा अंदाज न करण्याच्या नियमाचा तो परिणाम आहे. अमेरिकी मानकाने इथे वेगळी वाट घेतली: केवळ निर्देशांक वाढला म्हणून तिथे देणं पुन्हा मोजत नाहीत, वाढीचे पैसे त्या त्या वर्षी खर्चात टाकतात. अमेरिकी पालक कंपनीला आणि भारतीय कायद्याला असे दोन हिशेब पाठवणाऱ्या पुण्यातल्या लेखापालांना एकाच इमारतीचे दोन आकडे ठेवावे लागतात ते यामुळे.

नियम जिथे रेघ ओढतो तिथे तिच्यावर चालणारे करारही लिहिले जातात. विक्रीवरचं भाडं बाहेर राहतं हे कळल्यावर ठरलेल्या भाड्याला विक्रीचा सदरा घालण्याचा मोह होणारच. समजा करारात लिहिलं की भाडं विक्रीच्या १४ टक्के असेल, पण विक्री ५ कोटींपेक्षा कमी झाली तरी ती ५ कोटी समजली जाईल. एमजी हा शब्द कुठेच नाही. तरीही ५ कोटींचे १४ टक्के, म्हणजे ७० लाख, कुठल्याही परिस्थितीत द्यायचेच आहेत. नाव बदललं तरी हे ठरलेलं भाडंच, आणि मानक त्याला तसंच वागवतं: ७० लाख देण्यात जातात.

मालवाहतुकीच्या ट्रकांच्या करारांत हीच गोष्ट किलोमीटरच्या रूपात भेटते. चालकाविना घेतलेल्या ट्रकला दर किलोमीटरला १८ रुपये, अशी पहिली ओळ असते, आणि भाडं पूर्णपणे वापरावरचं वाटतं. दोन पानांनंतर एक ओळ येते: महिन्याला किमान ३,००० किलोमीटरचं बिल केलं जाईल. मग ५४ हजार रुपये महिना हे ठरलेलं भाडं झालं आणि ते देण्यात आलं. ३,००० किलोमीटरपुढचं प्रत्येक किलोमीटर मात्र खरंच वापरावर आहे, ते खर्चात. हिशेबातल्या चुका मोठ्या सिद्धान्तापेक्षा अशा दोन पानांनंतरच्या ओळीत जास्त होतात. कराराच्या पहिल्या पानावरचा शब्द वाचून फाइल बंद केली की झालं.

पण याच्या उलट चूकही होते, आणि ती जास्त प्रामाणिक माणसांकडून होते. विमानतळावरच्या चहाच्या दुकानाची विक्री होणारच, त्यात शंका नाही. मग तिथलं विक्रीवरचं भाडं ठरलेल्यासारखंच नाही का? नाही. विक्री होईल याची कितीही खात्री असली, तरी भाडं जर खरोखर विक्रीच्या आकड्यासोबत वरखाली होत असेल आणि त्याला करारात तळ नसेल, तर ते बाहेरच राहतं. बघायचं ते करारात काय बांधलं आहे एवढंच. शक्यतेचा अंदाज इथे उपयोगी नाही. वापरावरच्या भाड्याचं टोकाचं उदाहरण कारखान्यांच्या छपरावर दिसतं. दुसऱ्याच्या मालकीचे सौर पॅनल, आणि तयार होईल त्या प्रत्येक युनिटला ठरलेला दर. हा करार लेखामानकाच्या व्याख्येत भाडेकरार ठरला, तरी सगळे पैसे सूर्यावर अवलंबून. म्हणून देणं शून्य. सूर्य कंपनीच्या ताब्यात नाही हे खरं, पण तो महागाईसारखा निर्देशांकही नाही. वीज तयार झाली नाही, तर पैसे द्यायचेच नाहीत.

मधलीही एक जागा आहे. काही करारांत पहिली दोन वर्षं भाडं विक्रीवर असतं आणि त्या दोन वर्षांच्या सरासरीवर उरलेल्या वर्षांचं भाडं कायमचं ठरतं. दोन वर्षं ताळेबंद कोरा राहतो. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी अनिश्चितता संपते आणि उरलेल्या सगळ्या वर्षांचं देणं एकदम अवतरतं. असा करार असलेल्या कंपनीच्या कर्जात अचानक उडी दिसली, तर नवं कर्ज घेतलं असं समजून घाबरायचं कारण नाही.

ही सगळी वर्गवारी कागदी वाटत असेल, तर २०२० आठवावं. मार्चअखेर टाळेबंदी लागली, मॉल बंद झाले आणि विक्री शून्यावर आली. नुसत्या रेव्हेन्यू शेअरवर असलेल्या दुकानांचं भाडं विक्रीबरोबर आपोआप शून्य झालं. एमजीवर असलेल्यांचं देणं मात्र कागदावर तसंच उभं होतं; ते माफ करून घ्यायला वाटाघाटी कराव्या लागल्या. बऱ्याच ठिकाणी मॉलमालकांनी बंद काळातली एमजी सोडली आणि पुढचे काही महिने विक्रीच्या वाट्यावर मान्य केले. प्रत्येक सवलतीसाठी करार बदलला असं मानून नव्या दराने सगळं पुन्हा मोजायचं, तर लेखापालांचे हाल झाले असते. म्हणून २४ जुलै २०२०च्या अधिसूचनेने भाडेकरूंना सूट मिळाली: कोविडमुळे माफ झालेलं भाडं सरळ देण्यातून कमी करा आणि नफातोटा पत्रकात उणे खर्च म्हणून दाखवा. ही सूट आधी ३० जून २०२१पर्यंत देय असलेल्या भाड्याला होती; नंतर ती ३० जून २०२२पर्यंत वाढली. त्या वर्षांचे अहवाल चाळताना भाड्याच्या सदरात विचित्र उणे आकडे दिसले, तर त्याचं मूळ इथे आहे.

वाचकाने हे सगळं शोधायचं कुठे? वार्षिक अहवालात भाडेकरारांवरची टीप असते. तिच्यात नफातोट्यात गेलेल्या रकमांचा एक छोटा तक्ता मिळतो: वापरहक्कावरचा घसारा, देण्यावरचं व्याज, अल्पमुदतीच्या भाड्याचा खर्च, आणि देण्यात न धरलेल्या बदलत्या भाड्याचा खर्च. शेवटची ओळ महत्त्वाची. ती पहिल्या दोन ओळींच्या बेरजेच्या तुलनेत केवढी आहे, ते पाहावं. छोटी असेल तर कंपनीचं बहुतेक भाडं बांधलेलं आहे आणि ताळेबंदातलं देणं जवळजवळ पूर्ण चित्र देतं. मोठी असेल तर ताळेबंदात दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त भाडं ही कंपनी भरते, पण मंदीत तिचं भाडंही खाली येईल. रोकड प्रवाह पत्रकातही हाच दुभंग दिसतो: बांधलेल्या भाड्यातली मुद्दल वित्तपुरवठ्याच्या भागात जाते, विक्रीवरचं भाडं दैनंदिन कामकाजाच्या भागात.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती 'एबिटा' या लाडक्या आकड्यात. व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा म्हणजे एबिटा. बांधलेलं भाडं घसारा आणि व्याज बनून त्याच्या खाली निसटतं. विक्रीवरचं भाडं मात्र त्याच्या वर, साध्या खर्चासारखं वजा होतं. आपल्या दोन गाळ्यांवर हे तपासू. भाडं सोडून दोघांचा नफा साडेसहा कोटींच्या विक्रीवर २ कोटी असेल, तर पहिलीच्या एबिटातून फक्त वरचे १८ लाख जातात आणि उरतात १ कोटी ८२ लाख. दुसरीच्या एबिटातून पूर्ण ९१ लाख जातात. उरतात १ कोटी ९ लाख. प्रत्यक्ष भरलेल्या भाड्यातला फरक १३ लाख. एबिटातला फरक ७३ लाख. मग पहिली कंपनी फार कार्यक्षम आहे असा निष्कर्ष काढणारा विश्लेषक कुठल्याही वाहिनीवर सापडेल. म्हणूनच पीव्हीआर आयनॉक्ससारखी चित्रपटगृहांची साखळी आपले निकाल इंड एएस ११६चा परिणाम काढूनही सांगते. ज्यांना रोख भाडं किती गेलं हे कळायला हवं, त्यांना तो आकडा उपयोगी पडतो.

दोन साखळ्यांची तुलना करायची असेल, तर माझा सल्ला असा: एबिटा बाजूला ठेवा आणि वर्षभरात रोख दिलेलं एकूण भाडं विक्रीच्या किती टक्के आहे ते काढा. बांधलेल्या देण्याची मुद्दल आणि व्याज रोकड प्रवाह पत्रकात मिळतात. बदलतं भाडं टिपेतल्या तक्त्यात. बेरीज पाच मिनिटांत होते. त्यानंतर, विक्री तीस टक्क्यांनी घसरली तर या बेरजेतला कोणता भाग आपोआप कमी होईल, हे स्वतःला विचारा. भाडेकरारांमुळे भविष्यात किती पैसे बाहेर जाऊ शकतात आणि ते कशावर हलतात, हे कंपनीने सांगावं अशी मानकाचीच अपेक्षा आहे. तुमच्या कंपनीच्या अहवालात ते एका गुळगुळीत वाक्यात गुंडाळलेलं असेल, तर वार्षिक सभेत हात वर करून विचारा. भागधारकाला तो हक्क आहे.